घर चुकलं

गेल्या वर्षी माझ्या एका लेखाच्या डोक्यावर चार ओळींची चौकट बसली. तोवर तिथे शीर्षक आणि त्याखाली माझं नाव होतं. आता नावाच्याही आधी ‘दुरुस्ती’ हा शब्द येतो, पुढे तारीख, आणि मग मी काय चुकीचं लिहिलं होतं ते. लेख पाच हजार शब्दांचा, मैलापुरातल्या तंजावर मराठी घरांवरचा. चुकीचं होतं एक नाव.

लेखात मी लिहिलं होतं की १८८४ च्या डिसेंबरात अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीचं अधिवेशन आटोपल्यावर सतरा जण मैलापुरात सर टी. माधवरावांच्या घरी जमले आणि तिथे एका अखिल हिंदी राजकीय संस्थेची कल्पना निघाली. पुढच्या वर्षी २८ डिसेंबरला मुंबईत काँग्रेस भरली. ती खरं तर पुण्यात भरायची होती, पटकीच्या साथीमुळे गोकुळदास तेजपाल पाठशाळेत हलवली, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. त्याआधीचा हा मैलापूरचा धागा फारसा ठाऊक नसतो, आणि तो एका मराठी घरात गुंफला गेला होता याचं मला फार अप्रूप वाटलं. अप्रूप वाटलं की हात सैल सुटतो.

चूक धरली आमच्या गल्लीतल्या मामींनी. वय ऐंशीच्या पुढे, माहेर-सासर दोन्ही तंजावर मराठी, बोलण्याला तमिळचा हेल. अंक मीच त्यांना नेऊन दिला होता. दोन दिवसांनी भाजी घेताना भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “छान लिहिलंस ग, पण घर चुकलीस. ते माधवरावांचं नव्हे, रघुनाथरावांचं.”

मी घरी येऊन वही काढली. टिपणात लिहिलं होतं: ‘दि. राव, इंदूर, मैलापूर, १७ जण.’ एवढंच. आता दि. म्हणजे दिवाण की दिवाणबहादूर, आणि राव म्हणजे कोणते? माधवराव त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, मग बडोद्याचे. आर. रघुनाथराव त्यांचे चुलतभाऊ, तेही इंदूरचे दिवाण, माधवरावांच्या पाठोपाठ. दोघेही तंजावर मराठी. माधवराव १८८२ मध्ये बडोदा सोडून मद्रासला परतले होते, म्हणजे १८८४ मध्ये ते इथे होते. माझ्या वाक्यातली एकही गोष्ट त्यांना नाकारत नव्हती. तारीख जुळत नसती किंवा माणूस तोवर वारला असता तर संपादकाला खटकलं असतं, मला खटकलं असतं. सगळं जुळणारी चूक कोणाला खटकत नाही. ती धरायला ज्याला ते घर माहीत आहे असा माणूसच लागतो.

आणि नाव माधवरावांकडेच का घसरलं, तेही उघड आहे. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे आणि त्या चौकाला लोक ‘स्टॅच्यू’ म्हणूनच ओळखतात. रघुनाथराव विधवाविवाहासाठी शास्त्रार्थ करत आयुष्यभर भांडले. मामींची आजी बालविधवा होती. “आमच्याकडे त्यांचं नाव घेतलेलं चालायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आजोबा म्हणायचे, त्या माणसाने सभा भरवल्या आणि जात बिघडवली. आजी मात्र त्यांचं घर कुठलं ते मला दाखवायची.” ते ऐकल्यावर मला एका नावाची अदलाबदल तेवढी लहान वाटेना. मी त्या माणसाचं घर उचलून त्याच्या प्रसिद्ध भावाला देऊन टाकलं होतं.

संपादकांना फोन केला तेव्हा माझी पहिली सूचना काय होती हे सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, जालावरच्या प्रतीत नाव बदलून टाकू या, चर्चा कशाला. ते म्हणाले, “छापील अंक साडेतीनशे लोकांच्या घरी आहे. उद्या कोणी त्यातून उद्धृत केलं आणि वाचकाने आपली जालावरची प्रत उघडली, तर खोटं कोण ठरेल? उद्धृत करणारा.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुपचूप बदलल्याने माझी चूक पुसली जात नाही, ती माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्या अंगावर जाते.

मग मी म्हटलं, बरं, लेखाच्या शेवटी टीप देऊ. तेही त्यांना मान्य नव्हतं. त्यांचा नियम साधा आहे: एखादं साल किंवा स्पेलिंग चुकलं आणि लेखाचं म्हणणं तसंच राहत असेल तर टीप खाली. ज्या वाक्यावर लेख उभा आहे तेच चुकलं असेल तर वर, कारण खाली पोचेपर्यंत वाचक ते वाक्य घेऊन गेलेला असतो. माझ्या लेखाचा अख्खा तिसरा भाग त्या घरावर होता.

या शहरात हा विषय तसा नवा नाही. अण्णा सालैवरच्या ‘द हिंदू’ने २००६ मध्ये के. नारायणन यांना वाचक-संपादक नेमलं, इंग्लंडच्या ‘गार्डियन’च्या धर्तीवर, आणि चुकांची रोजची चौकट छापायला सुरुवात केली. मी कित्येक वर्षं सकाळी आधी तीच वाचायचे, शेजाऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं तशी. पण वर्तमानपत्रातल्या त्या चौकटीची एक अडचण आहे: चूक एका दिवशी, एका पानावर, दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या पानावर. दोन्ही वाचणारा वाचक एकच असेल याची हमी नाही. चौकट लेखाच्याच डोक्यावर असली की ही पळवाट बंद होते, लेखकालाही.

मजकूर मीच लिहून देते म्हटलं. पहिला खर्डा असा होता: ‘या लेखात अनवधानाने एक चूक राहून गेली होती, ती दुरुस्त केली आहे. वाचकांच्या झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ संपादकांनी तो परत पाठवला, वर एकच प्रश्न: कुठली चूक? खरंच, त्या दोन वाक्यांत कशालाच हात लावलेला नव्हता. ‘राहून गेली’ म्हणजे कोणी केलीच नाही, जणू छत्री राहून गेली. आपल्या जुन्या पुस्तकांतलं शुद्धिपत्र यापेक्षा प्रामाणिक असायचं. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने, आणि अशुद्ध शब्द जसाच्या तसा समोर मांडलेला. चूक पुन्हा छापायची की नाही यावर लोक वाद घालतात. पुन्हा छापली तर ती पसरते म्हणतात. माझ्या बाबतीत ती छापणं भागच होतं. ज्याच्या डोक्यात ‘माधवरावांचं घर’ आधीच बसलं आहे, त्याला ते शब्द पुन्हा दिसल्याशिवाय आपल्याविषयी बोलणं चाललंय हे कळायचं कसं?

दुसरा खर्डा सरळ होता. ‘या लेखाच्या आधीच्या आवृत्तीत ही बैठक सर टी. माधवराव यांच्या घरी झाली असे लिहिले होते. ती दिवाणबहादूर आर. रघुनाथराव यांच्या घरी झाली.’ तो लागला. मला हलकं वाटलं. पंधरा दिवसांनी मीच तो काढायला लावला.

झालं असं की माझा लेख याच नियतकालिकाच्या तमिळ आणि इंग्रजी विभागांतही गेला होता. दुरुस्ती तिथेही पाठवायची होती. भाषांतर करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने तमिळमध्ये ‘तिरुत्तम्’ हे शीर्षक दिलं आणि मग विचारलं, “झाली, हे कोण सांगतं?” अनुवादकांना अशी खोड असते, क्रियापद दुसऱ्या भाषेत नेताना त्याखाली कोण उभं आहे ते पाहावं लागतं. मी म्हटलं, अ‍ॅनी बेझंट सांगतात, त्यांच्या १९१५ च्या ‘हाउ इंडिया रॉट फॉर फ्रीडम’मध्ये. तिने विचारलं, “त्या होत्या तिथे?”

नव्हत्या. बेझंटबाई हिंदुस्थानात आल्याच १८९३ मध्ये. बैठकीनंतर नऊ वर्षांनी आल्या, एकतीस वर्षांनी लिहिलं. त्यांनी दिलेल्या नावांत मुंबईचे दादाभाई, तेलंग आणि मंडलिक आहेत, कलकत्त्याचे सुरेंद्रनाथ आहेत, मद्रासचे एस. सुब्रमण्य अय्यर आहेत. इतकी सगळी मंडळी त्या रात्री खरोखर एका खोलीत होती का, आणि त्यातून काँग्रेस निघाली हा दुवा कितपत धरता येतो, यावर इतिहासकारांना शंका आहेत. त्यातून लिहिणाऱ्या बाई स्वतः थिऑसॉफिस्ट, आणि काँग्रेसचा उगम अड्यारच्या अंगणाशी लागला तर त्यांना ते हवंच होतं. म्हणजे मी एका चुकीच्या नावाच्या जागी बरोबर नाव घातलं होतं, पण मूळ वाक्याचा ठामपणा तसाच ठेवला होता. खरी मोठी चूक तीच होती, आणि मामींनाही ती दिसली नव्हती.

तिसरा मजकूर आज तिथे आहे. त्यात आधी माझं मूळ विधान आहे. मग अ‍ॅनी बेझंट यांच्या १९१५ च्या पुस्तकानुसार ही बैठक रघुनाथरावांच्या घरी झाली, असं आहे. मग बैठकीचा समकालीन पुरावा मी पाहिलेला नाही, असं आहे. आणि शेवटी, पंधरा दिवस इथे असलेली आधीची दुरुस्तीही अपुरी होती, असं. दोन्ही तारखा दिल्या आहेत. लेखातलं वाक्यही ‘झाली’वरून ‘झाली असे सांगितले जाते’ असं झालं. ते वाक्य आता कमी देखणं आहे. तिसऱ्या भागाचा शेवट, जो मला फार आवडायचा, मी उडवला.

छापील अंकाचं काय, हा प्रश्न उरलाच. पुढच्या अंकात दुरुस्ती आली, पण जुना अंक तसाच राहतो. माझ्याकडे सात प्रती होत्या. लहान चिठ्ठ्या छापून त्या लेखाच्या पहिल्या पानावर, शीर्षकाच्या वर, खळीने चिकटवल्या. एक प्रत मामींना नेऊन दिली आणि जुनी परत मागितली.

त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली. “‘बेझंट यांच्यानुसार’ कशाला ग? माझी आजी सांगायची की.”

मी म्हटलं, आजींनी घर दाखवलं होतं. त्या रात्री आत कोण होतं, ते नव्हतं ना दाखवलं.

“ते खरं,” त्या म्हणाल्या. मग जुना अंक उचलून मांडीवर ठेवला. “पण हा मी देणार नाही. यात तू मला खूण करून दिलीयस.” पहिल्या पानावर, माधवरावांच्या नावाखाली, त्यांनी स्वतः पेन्सिलीने रेघ मारून वर रघुनाथराव लिहिलं होतं, मोडीसारख्या वळणाच्या अक्षरांत.