गिफ्ट नाही, मावशी!

लातूरच्या मावशीचं येसराचं पीठ म्हणजे आमच्या घरचं इन्स्टंट फूड. गहू आणि हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, घरचा काळा मसाला घालून दळून आणायची. फोडणीच्या पाण्यात लावलं की आमटी तयार. मागच्या दिवाळीत मी नांदेडला घरी असताना न्यू जर्सीहून मित्राच्या बायकोचा फोन आला, "भावजी, चार किलो पाठवा. पण पैसे घेणार असाल तरच." झालं, आमचा एक्स्पोर्ट सुरू! :)

फॉर्म भरताना मावशी म्हणाली, "गिफ्ट लिही की रे, सगळेच लिहितात."

मोह होण्यासारखंच आहे. अमेरिकेत खऱ्या भेटवस्तूला १०० डॉलरपर्यंत ड्युटी नाही. शिवाय घरी स्वतः बनवून स्वतःच भेट म्हणून पाठवलेल्या खाऊला तिथल्या एफडीएची 'प्रायर नोटिस', म्हणजे खाद्यपदार्थ येत असल्याची आगाऊ वर्दी, लागत नाही. पण पैसे घेतले की तेच पीठ माल होतं. मग वर्दी आधी द्यायची, टपालाने जात असेल तर तिचा कन्फर्मेशन नंबर पार्सलवर लिहायचा. पूर्वी ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला ड्युटी माफ होती. २९ ऑगस्ट २०२५ पासून तीही सवलत गेली. मी निमूटपणे 'विक्री' लिहिलं.

मग लेबल. इंग्रजीत नाव, मावशीचा पत्ता, वजन ग्रॅम आणि औंस दोन्हींत (५०० ग्रॅम म्हणजे १७.६ औंस), आणि घटक जास्त वजनाकडून कमीकडे. मी टाइप केलं: गहू, हरभरा डाळ, मसाला. गव्हाची अ‍ॅलर्जी असते म्हणून तो खाली वेगळा लिहिला. फोटो वहिनींना मेल केला.

उत्तर एका ओळीचं होतं. "यात तीळ नाही ना? धाकट्याला अजिबात चालत नाही."

मावशी हसली, "येसरात कुठला आलाय तीळ?" आणि मग गप्प झाली. तीळ काळ्या मसाल्यात होता! आम्हा प्रोग्रामर लोकांना हे नेहमीचंच: लायब्ररीच्या आत लायब्ररी, आणि बग तिच्या पोटात. म्हणूनच मिश्रणातल्या मिश्रणाचेही घटक उलगडून लिहावे लागतात. १ जानेवारी २०२३ पासून तर अमेरिकेत तिळाचं नाव लिहिणं सक्तीचं आहे, नुसतं 'मसाला' चालत नाही.

"बिनतिळाचा घाणा काढते," मावशी म्हणाली. पण दळणार कुठे? कांडपवाल्याकडे त्याच यंत्रात गावभरचा तिळाचा मसाला कुटला जातो. थोडी पूड आत राहतेच. म्हणून वहिनींना सरळ कळवलं, धाकट्यासाठी आमचं पीठ नको.

चार किलोचे दोन झाले, फक्त मित्रापुरते. नव्या लेबलवर गव्हाशेजारी तीळही आला. मावशी म्हणते, धंद्यात खोट आली. मला नाही वाटत.