कॉटन आहे ना? मग उलटं करून दाखवा

एक्झिमा आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस हमखास एक सल्ला देतो: कॉटन घाल. मला लहानपणापासून इसब आहे. कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यामागे आणि मानेवर. मी मुंबईत राहते आणि लोकलने कामावर जाते. म्हणजे मार्च ते ऑक्टोबर मी बहुतेक वेळ ओलीच असते, आधी घामाने आणि मग पावसाने. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. घाम किती वेळ अंगाशी राहतो, काय घासतं आणि कापडात काय उरलेलं आहे, या तीन गोष्टींवर माझी रात्रीची झोप ठरते. लेबलवरचा ‘१०० टक्के कॉटन’ हा शब्द त्यातल्या एकाचंही पूर्ण उत्तर देत नाही.

आधी घाम. सुती धागा पाणी शोषतो, पॉलिएस्टरचा धागा जवळजवळ शोषत नाही. म्हणून साध्या पॉलिएस्टरच्या कुर्त्यात घाम त्वचेवरच चिकट थरासारखा राहतो. पण सुताची दुसरी बाजूही आहे. शोषलेलं पाणी ते लवकर सोडत नाही. कोरड्या हवेत हे चालून जातं, पण मुंबईच्या दमट हवेत जाड सुती कुर्ता सकाळी भिजला की दुपारपर्यंत ओला राहतो. ओली त्वचा मऊ पडते, आणि मऊ त्वचेवर तेच कापड जास्त घासतं. घामातला खार आधीच चिरा पडलेल्या जागी झोंबतो तो वेगळाच.

त्यामुळे मी ‘कॉटन’ न बघता आधी जाडी आणि वीण बघते. कापड उजेडासमोर धरायचं. धाग्यांमधून बारीक उजेड दिसला, तर हवा आत-बाहेर जाईल. मलमल, व्हॉइल, पातळ कॅम्ब्रिक या कसोटीला उतरतात. जाड ट्विल, डेनिम आणि कांजी केलेलं कडक कापड उतरत नाही. लिनन लवकर सुकतं, पण नवं असताना खरखरीत लागतं. चार-पाच धुण्यांनंतर ते मऊ होतं, तोवर खाज सुटलेल्या दिवसांत मी ते घालत नाही. आणि एक जादा पातळ कुर्ता बॅगेत असतो. ऑफिसात पोचल्यावर कोरडं कापड अंगावर चढवण्याने जो फरक पडतो, तो महागड्या कापडाने पडत नाही.

महागड्या कापडाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. एक्झिमासाठी खास रेशमी कपडे विकले जातात. इंग्लंडमध्ये १ ते १५ वर्षांच्या ३०० मुलांवर त्यांची चाचणी झाली, २०१७ साली तिचे निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सहा महिने हे कपडे वापरूनही इसब विशेष कमी झालं नाही. कापड त्रास कमी करू शकतं, औषधाची जागा घेत नाही.

आता शिवण. कुर्ता उलटा करा. बाजूच्या शिवणीला आत जे जादा कापड सोडलेलं असतं त्याला टेलर ‘माया’ म्हणतात. तिच्या कडेला ओव्हरलॉकची जाळी असते. कुर्ता सुती असला, तरी तो दोरा बहुतेकदा पॉलिएस्टरचा असतो. ही खरखरीत कड काखेखाली आणि कमरेवर दिवसभर घासत राहते.

मी हल्ली कुर्ते शिवूनच घेते. आमच्या टेलरकाकांना पहिल्यांदा ‘ओव्हरलॉक नको’ म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, “ताई, दोरे निघतील मग.” त्यावर तोडगा त्यांनाच ठाऊक होता. आधी कापडाच्या सुलट बाजूने एक टीप मारायची, माया अगदी बारीक कापायची, कापड उलटवायचं आणि आतून दुसरी टीप मारायची. कापलेली कड दोन टिपांच्या मध्ये बंद होते. पातळ मलमलीला ही शिवण छान बसते. जाड कापडात मात्र तिचा उंचवटा टोचतो, तिथे शर्टाच्या बाजूला असते तशी दाबून चपटी केलेली शिवण बरी. काकांनी एक इशारा दिला: “माया कमी ठेवली तर पुढे सैल करता येणार नाही.” म्हणून माप घेतानाच दोन इंच सैल धरायचं. बाहीची कड नेमकी कोपराच्या घडीवर येऊ द्यायची नाही. माझी बाही घडीच्या चार बोटं वर संपते. गळ्याला लेबल नाही, कॉलरला कॅनव्हास नाही.

शिवून घेणं शक्य नसेल, तर रेडीमेड कपडा निवडताना बोट आतून शिवणीवर फिरवा. बोटाला जे जाणवतं ते काखेला दसपट जाणवेल. घरात टीशर्ट उलटा घालण्यात तर काहीच लाज नाही.

तिसरी गोष्ट धुण्याची. नवा कपडा धुतल्याशिवाय अंगाला लावू नये, कारण सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेली रसायनं आणि जादा रंग त्यात असतो. पण रोजचा त्रास होतो तो कापडात उरलेल्या साबणाचा. साबणाची वडी आपण कॉलर आणि काखेवर जोर लावून घासतो आणि खळबळताना तीच जागा घाईत सुटते. बोअरच्या जड पाण्यात तर साबणाचा पांढरट चोथा धाग्यांत बसतो आणि वाळलेलं कापड कडक होतं.

हे तपासता येतं. धुऊन वाळलेला कुर्ता स्वच्छ बादलीत, नुसत्या पाण्यात बुडवून हाताने जोरात ढवळा. फेस आला, तर साबण आत आहे. मग पुढची धुलाई पावडरीशिवाय करायची. एरवी पावडर पाकिटावर लिहिली आहे त्याहून जास्त घालायची नाही, आणि मशीनमध्ये एक जादा खळबळणं लावायचं. मी बिनवासाचं लिक्विड वापरते, कारण ते पावडरीपेक्षा सहज विरघळतं. सुगंधी सॉफ्टनर आणि शेवटच्या पाण्यातलं जंतुनाशक, दोन्ही बंद. सॉफ्टनरचा थर बसला की सुती कापड घामही कमी शोषतं.

हे सगळं एकदम बदललं तर नक्की कशाने बरं वाटलं ते कळत नाही. एकेक बदल करून दोन-तीन आठवडे थांबते. चट्टा कुठे उठला हेही बोलकं असतं. काखेचा खोलगट भाग साफ आणि कडेला लाली असेल, तर संशय कपड्यावर किंवा त्याच्या रंगावर. खोलगट भागातच असेल, तर डिओडरंटवर. बेंबीखाली एकच गोल डाग असेल, तर जीन्सच्या बटणातल्या निकेलवर.

आणि कड लाल, मध्यभाग फिकट असा पसरत जाणारा गोल दिसला तर कपडे बदलत बसू नका. ते गजकर्ण असू शकतं. खाजेवर मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडचं मिश्र मलम त्याला आणखी वाढवतं. तिथे प्रश्न शिवणीचा नसतो, त्वचेच्या डॉक्टरांचा असतो.