देवनहळ्ळीतली पाल

यंदाच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आईने पहिल्याच संध्याकाळी सांगितले, "तू आता मोठा झालास. आम्हा चौघांची कानडीची परीक्षा तू घे." चौघे म्हणजे आई, माझा धाकटा भाऊ, समोरच्या इमारतीतली सातवीतली मुलगी आणि लातूरकडून नुकताच आलेला पाचवीतला एक मुलगा. त्याचे वडील विमानतळावर मालवाहतुकीच्या कामाला आहेत. मुलीचा जन्म इकडचाच, त्यामुळे तिला कानडी चांगले येते. ती या अभ्यासगटात शिकायला नाही, शिकवायला येते. खरी गरज होती ती लातूरच्या मुलाला. जूनमध्ये नव्या शाळेत त्याला कानडी विषय असणार होता आणि तोवर त्याने त्या भाषेतले एक अक्षरही गिरवले नव्हते. म्हणून गटाने लिपी बाजूला ठेवून आधी शब्द शिकायचे ठरवले होते आणि कानडी शब्द देवनागरीतच लिहिले होते.

वहीत साठ-सत्तर शब्द होते. डावीकडे कानडी, उजवीकडे मराठी. मला वाटले, एका तासात प्रश्नपत्रिका तयार होईल. आठ जोड्या, चार गाळलेल्या जागा, मागे उत्तरसूची. आमच्या हाऊसमध्ये क्विझ घ्यायची सवय असल्यामुळे थोडी घमेंडही होती, हे कबूल करतो.

पहिली अडचण वहीतच निघाली. भावाने गावाचे नाव 'देवनहल्ली' असे लिहिले होते. हिंदी पुस्तकांत तसेच असते, कारण प्रमाण हिंदीत ळ नाही. समोरची मुलगी हसायलाच लागली. कानडीत 'हळ्ळी' म्हणजे खेडे आणि 'हल्ली' म्हणजे भिंतीवरची पाल. (आपल्या मराठीत 'हल्ली'चा अर्थ तिसराच!) म्हणजे टिपू सुलतानाच्या जन्मगावाची आम्ही पाल करून टाकली होती. मग आम्ही सगळी वही पुन्हा तपासली. 'हालु' म्हणजे दूध, 'हाळु' म्हणजे खराब झालेले, वाया गेलेले. 'हुली' म्हणजे वाघ, 'हुळी' म्हणजे आंबट. 'कालु' म्हणजे पाय, 'काळु' म्हणजे धान्याचा दाणा. आपण मराठी माणसे नशीबवान, आपल्याकडे ळ आहे. पण वहीत तो चुकला असेल तर प्रश्नपत्रिकेत तो चुकणारच. म्हणून मुलीने प्रत्येक शब्द मोठ्याने म्हटला, मी ऐकून वहीत दुरुस्त केला आणि मगच पुढे गेलो.

एक जागा मात्र देवनागरीत सुटेना. कानडीत 'ए' दोन आहेत, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ. ऱ्हस्व म्हटला तर 'बेळे' म्हणजे शेतातले पीक, दीर्घ म्हटला तर 'बेळे' म्हणजे डाळ. आपल्या लिहिण्यात दोन्ही सारखेच दिसतात. त्यात 'बेले' म्हणजे किंमत. आईने दुकानात वांगी हातात धरून "बेळे एष्टु?" असे विचारले होते आणि दुकानदाराने तिला तूरडाळीचा भाव सांगितला होता. हे शब्द मी कागदावरून काढून टाकले. ते तोंडी विचारायचे ठरले, कारण जो फरक कागदावर दिसतच नाही त्याचे गुण कागदावर देता येत नाहीत.

जोड्या लावायला मी हे आठ शब्द घेतले: तायी, अक्क, अज्जी, तुप्प, हालु, हल्ली, हळ्ळी, चक्कोता. समोर क पासून पुढची अक्षरे घालून मराठी अर्थ उलटसुलट लिहिले. 'तायी' हा माझा आवडता सापळा होता, कारण तिचा अर्थ आई, आणि आपली ताई म्हणजे त्यांची अक्क. 'चक्कोता' म्हणजे पपनस. देवनहळ्ळीच्या पपनसाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणून ते घेतलेच पाहिजे असे आईचे म्हणणे पडले.

परीक्षा झाली. मी तपासायला बसलो. उत्तरसूचीत 'पाच–ग, आठ–ख' अशी नुसती अक्षरे होती, ती पाहून भराभर खुणा केल्या. मुलीला आठपैकी सहा, आईला चार, लातूरच्या मुलाला चार, भावाला दोन. लातूरच्या मुलाने कागद घेतला, घडी घातली आणि काही न बोलता घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

खरे तर मला त्याच संध्याकाळी शंका यायला हवी होती. ज्या मुलीला कानडी येते, तिचे दोन प्रश्न चुकलेच कसे? शंका आली ती तिसऱ्या दिवशी, चारही कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर. पाचवा आणि आठवा प्रश्न सगळ्यांचाच चुकला होता, आणि सगळ्यांचे 'चुकीचे' उत्तर एकच होते. पाचवा प्रश्न 'हालु'. सर्वांनी त्याची जोडी दुधाशी लावली होती. लागणारच! उत्तरसूची लिहून झाल्यावर मी उजवीकडचे पपनस आणि दूध यांची अदलाबदल केली होती. उत्तरसूची मात्र जुनीच राहिली. त्या मुलाने 'हालु' हा शब्द रोज सकाळी दूध आणताना पिशवीवरून शिकला होता. त्याच्या त्या एका खात्रीच्या शब्दावर मी लाल फुली मारली होती.

तेव्हापासून माझी उत्तरसूची शेवटी होते, प्रश्नपत्रिका पक्की झाल्यावर. त्यात अक्षराशेजारी शब्दही असतो, 'पाच–ख, दूध' असा, म्हणजे तपासताना डोळ्यांना अर्थ दिसतो. आणि ती खरी ठरते ती दुसऱ्या कोणी सूची न पाहता पेपर सोडवल्यावरच. ते काम मुलीने घेतले. तिचे उत्तर आणि माझी सूची जिथे जुळत नाही, तिथे आधी सूचीवर संशय घ्यायचा.

खरे गुण काढले तर मुलीला आठ, आईला सहा, त्या मुलाला सहा, भावाला चार. हे आकडे पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. सात कोणालाच नव्हते, आणि मिळणे शक्यही नव्हते. दोन्ही बाजूंना आठ-आठ शब्द असले आणि प्रत्येक अर्थ एकदाच वापरायचा असला, तर एकच जोडी चुकवता येत नाही. तायीला ताई जोडली की अक्कला ताई उरतच नाही, तीही चुकते. म्हणजे एका चुकीचे दोन गुण जातात. उलट सात जोड्या बरोबर आल्या की आठवी फुकट मिळते, ती येत असो वा नसो. उपाय सोपा आहे. डावीकडे सहा शब्द आणि उजवीकडे आठ अर्थ ठेवले, की दोन अर्थ उरतात आणि शेवटची जोडी आपोआप लागत नाही. ते जादा अर्थ त्याच जातीचे हवेत. नात्यांच्या शब्दांत 'मावशी' घातली तर विचार करावा लागतो, 'रेल्वे' घातली तर कोणीच तिच्याकडे पाहत नाही.

साताऱ्याच्या मामाला मी तो जुना पेपर फोनवर वाचून दाखवला. त्याला कानडी अजिबात येत नाही. तरी त्याने अज्जी आणि तुप्प यांच्या जोड्या, आजी आणि तूप, लगेच लावल्या. जे मामालाही येते ते प्रश्न कानडीचे नाहीतच. ते मी काढले. 'तायी' मात्र ठेवला, कारण तिथे मामाही फसला.

गाळलेल्या जागांची गंमत वेगळीच झाली. पहिले वाक्य होते 'ननगे ____ बेकु', म्हणजे 'मला ____ पाहिजे'. माझे उत्तर 'नीरु', पाणी. पण तिथे दूध, तूप, पपनस, काहीही चालते आणि आईने तसे ऐकवलेही. मग दुसऱ्या पेपरात वाक्य बदलले: 'हसु ____ कोडुत्तदे', गाय ____ देते. आता उत्तर एकच, हालु, असे मला वाटले. भावाने लिहिले 'सगणी'. मुलीला विचारले तर ती तोंड दाबून म्हणाली, "शेण!" गुण द्यावा लागला. उत्तरसूचीत आता त्या प्रश्नापुढे दोन उत्तरे आहेत. आणि कोणी 'हाळु' लिहिले तर गुण नाही, कारण तो शब्द दुधाचा नव्हेच.

दुसरे वाक्य 'नानु ____ होगुत्तेने', मी ____ जातो. वहीत 'शाले' एवढाच शब्द आहे, पण वाक्यात 'शालेगे' म्हणावे लागते, जसे आपण 'शाळा जातो' म्हणत नाही, 'शाळेत जातो' म्हणतो. अशा ठिकाणी मी मूळ शब्द कंसात देऊ लागलो. 'शालेगे' लिहिले तर पूर्ण गुण, 'शाले' लिहिले तर अर्धा. हे पेपर देण्याआधी ठरवले आणि कागदावर वरच लिहिले, म्हणजे तपासताना माणूस पाहून गुण दिले जात नाहीत. जोड्यांत आलेला शब्द गाळलेल्या जागेत घेणेही मी सोडले. भाऊ वरच्या प्रश्नातून बघून खाली उतरवत असे, ते माझ्या उशिराच लक्षात आले.

चौथ्या दिवशी दुरुस्त केलेला कागद घेऊन मी लातूरच्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. मी त्याला म्हणालो, "तुझे चार नाहीत, सहा आहेत. चूक माझी होती." त्याने कागद पाहिला. "मला वाटलं, दुधाला इकडे दुसरा शब्द असेल," तो म्हणाला, "आणि पिशवीवर जाहिरात असेल."

पुढचा पेपर त्याने काढायचा असे ठरले. त्याने सहा शब्द आणि आठ अर्थ घेतले, सूची खिशात ठेवली आणि आमच्यासमोर घड्याळ लावून बसला. मला सहापैकी चार मिळाले. 'हुली'ला मी आंबट जोडले होते आणि 'हुळी'ला वाघ. मी वाद घालून पाहिला. त्याने खिशातून सूची काढली, त्यात शब्दही लिहिलेले होते.