लिंकमागचं कमिशन : "डॉक्टर साहेब, यात तुमचा कट आहे का?"



आजचा लेख कुठल्या आजारावर नाही. तो माझ्या एका चुकीवर आहे. पण ही चूक तुमच्या खिशाशी आणि थोडी तुमच्या बीपीशीही संबंधित आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

काही महिन्यांपूर्वी मी "घरी बीपी कसं मोजावं" असा लेख लिहिला होता. त्यात एका मशीनचं नाव दिलं होतं आणि खाली ते विकत घेण्याची लिंक. ती वाचून नेरीकडच्या एका आबांनी मशीन मागवलं. पंधरा दिवसांनी ते दवाखान्यात आले. सकाळी अंथरुणातून उठताना चक्कर येते, अशी तक्रार होती. विचारल्यावर कळलं की घरच्या मशीनवर बीपी जास्त दिसत होतं, म्हणून त्यांनी गोळी स्वतःच एकाच्या दोन केल्या होत्या.

मशीन सोबत आणलं होतं. त्यावर १५२/९४ आलं. मग मी त्यांचा दंड टेपने मोजला. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये घेर भरला ३५ सेंटिमीटर. मशीनसोबत आलेल्या पट्ट्यावर, म्हणजे कफवर, छापलं होतं २२ ते ३२. माझ्याकडचा मोठा कफ बांधून मोजलं, तर १४४/८८. पट्टा दंडाला लहान पडला की बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. मशीन खराब नव्हतं, ते आबांच्या दंडासाठी नव्हतं. गोळी पुन्हा एकवर आणली आणि आठवड्याने दाखवायला सांगितलं.

निघताना आबा म्हणाले, "डॉक्टर साहेब, रागावू नका, एक विचारू? नातू म्हणत होता, तुमच्या लिंकवरून घेतलं की तुम्हाला कमिशन भेटतं. खरं आहे का?"

मी म्हणालो, "हो आबा, थोडं मिळतं. लेखात खाली लिहिलेलं आहे."

"बाजार समितीत माल विकला तर हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई, अडत वेगवेगळी लिहून यायची. मला वाचता येत होती. तुमचं कुठं लिहिलंय?"

मी मोबाईलवर लेख उघडून दाखवला. सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, इंग्रजीत एक ओळ होती : या लेखात अॅफिलिएट लिंक असू शकतात. आबांना इंग्रजी येत नाही. आणि खरं सांगायचं तर "असू शकतात" हेही खोटंच होतं. लिंक मीच टाकली होती, ती होतीच.

ही लिंक साध्या लिंकपेक्षा वेगळी कशी?

साधी लिंक म्हणजे रस्ता दाखवणारी पाटी. तुम्ही त्या रस्त्याने गेलात की नाही, याचा पाटी लावणाऱ्याला ना नफा ना तोटा. अॅफिलिएट लिंक हीसुद्धा पाटीच, पण तिच्यावर लावणाऱ्याची खूण असते. त्या पाटीवरून गिऱ्हाईक आलं आणि त्याने खरेदी केली, की दुकान पाटीवाल्याला ठरलेला वाटा देतं.

ही खूण पत्त्यातच लिहिलेली असते. अॅमेझॉनचं उदाहरण घेऊ. पहिली ओळ साधी लिंक आहे, दुसरी कमिशनची :

```
https://www.amazon.in/dp/B0XXXXXXXX
https://www.amazon.in/dp/B0XXXXXXXX?tag=drnaav-21
```

दोन्ही ओळींनी तुम्ही एकाच वस्तूच्या पानावर पोहोचता. बहुतेक वेळा किंमतही तीच दिसते. फरक फक्त `tag=` पासून पुढे आहे. त्या जागी ज्याचं नाव, त्याच्या खात्यात कमिशन. समजा मशीन २,४०० रुपयांचं आहे आणि वाटा ४ टक्के आहे, तर ९६ रुपये. ते तुमच्या बिलात वेगळे दिसत नाहीत, दुकान आपल्या नफ्यातून देतं. म्हणूनच गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागत नाही. अडत पट्टीवर दिसायची, ही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तुम्ही लिंक दाबली की तुमच्या मोबाईलमध्ये त्याची नोंद राहते. अॅमेझॉनच्या योजनेत ती साधारण २४ तास चालते. त्या वेळात त्याच दुकानातून दुसरं काही घेतलं, तरी त्यावरही वाटा मिळू शकतो. मी ज्या दुकानाच्या योजनेत होतो, तिथल्या माझ्या हिशोबात बीपीच्या मशीनबरोबर एक प्रेशर कुकर आणि दोन मोबाईल कव्हरही होती. घेणाऱ्याचं नाव दिसत नव्हतं. पण कुकरची शिफारस मी कधी केली, हे मलाच आठवेना!

"सांगितलं होतं की!" एवढं पुरत नाही

त्या रात्री मी नियम वाचायला बसलो. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये यावर नियमावली काढली. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सोप्या भाषेत मार्गदर्शिका काढली. दोन्हींचं सार असं : शिफारस करणाऱ्याला त्या वस्तूतून पैसे, भेटवस्तू, सवलत असं काहीही मिळत असेल, तर ते लपवायचं नाही.

पण मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. कुठे आणि कसं सांगायचं, हेही त्यात आहे. लेखात किंवा वर्णनात ही सूचना सुरुवातीलाच हवी, वाचकाला "आणखी पाहा" दाबावं लागू नये. हॅशटॅगच्या किंवा लिंकच्या गर्दीत ती दडवू नये. व्हिडिओ असेल तर फक्त खालच्या वर्णनात लिहून भागत नाही, व्हिडिओतही दिसली आणि ऐकू आली पाहिजे. आणि ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत सूचना. ग्राहकाची दिशाभूल झाली तर ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

माझी ओळ यातल्या कुठल्याच कसोटीला उतरत नव्हती. लेख मराठीत, सूचना इंग्रजीत. लिंक मधोमध, सूचना तळाला. आणि वाक्य असं की वाचणाऱ्याला काही नक्की कळूच नये. खरी सूचना अशी असायला हवी होती, तीही लिंकच्या वरच : "जाहिरात : या लिंकवरून खरेदी केली तर मला दुकानाकडून कमिशन मिळतं." एवढंच, दोन वाक्यंसुद्धा नाहीत.

डॉक्टरसाठी गोष्ट इथे संपत नाही

आपल्याकडे "कट प्रॅक्टिस" हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. पेशंट तपासणीला पाठवायचा आणि तिकडून वाटा घ्यायचा. विंचूदंशावरच्या कामामुळे ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना एका तपासणी केंद्राकडून असाच १,२०० रुपयांचा चेक आला होता. त्यांनी तो ठेवून घेतला नाही, उलट वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. ती बातमी वाचून मी मित्रांसमोर मोठ्या अभिमानाने म्हटलं होतं, आपण कधी कुणाचा एक रुपया घेतला नाही. आणि इकडे माझ्या खात्यात लिंकचे तीन महिन्यांचे अकराशे रुपये जमा होते.

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायला मनाई आहे. २००९ च्या दुरुस्तीने असंही सांगितलं की डॉक्टरने औषधाची किंवा कंपनीच्या उत्पादनाची जाहीर शिफारस करू नये. म्हणजे मोबाईलचे रिव्ह्यू करणाऱ्या मुलाने स्पष्ट सूचना दिली, तर त्याचं काम नियमात बसतं. माझं नुसत्या सूचनेने बसत नाही. नाव घेऊन मशीन सुचवणं हीच माझी पहिली चूक होती, कमिशन ही दुसरी.

पण नियमापेक्षा मला दुसरीच गोष्ट टोचली. ९६ रुपयांसाठी मी मुद्दाम चुकीचं मशीन सुचवलं का? नाही. मशीन चांगलंच होतं. मग लिंकने काय बिघडवलं? मी जुना मजकूर काढून पाहिला. पहिल्या कच्च्या लेखात एक परिच्छेद होता : दंड मोजा, तो ३२ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरला तर मोठा कफ मागा, आणि शक्यतो गावातल्या मेडिकलमधून घ्या, तिथे कफ लावून बघता येतो आणि बदलूनही मिळतो. लेख लांबतोय म्हणून तो मी काढला होता. लिंकचा परिच्छेद मात्र ठेवला. जामनेरच्या मेडिकलला लिंक नसते. ज्याला लिंक नाही, ते लेखातून आपोआप गळतं. कमिशन माणसाला खोटं बोलायला लावतंच असं नाही. काय सांगायचं राहून जाईल, तेवढं ते ठरवतं. आबांची चक्कर त्या राहून गेलेल्या परिच्छेदातून आली.

तुम्ही काय बघाल?

कुठल्याही लेखात किंवा व्हिडिओत वस्तूची लिंक दिसली, तर ती लगेच दाबू नका. तिच्यावर बोट दाबून धरा, कॉपी करा आणि दुसरीकडे चिकटवून पत्ता वाचा. `tag=` सारखी खूण दिसली तर कमिशन समजा. काही लिंक `amzn.to` सारख्या आखूड असतात, त्यात खूण दिसत नाही. त्या ब्राउझरमध्ये उघडल्यावर वरच्या पट्टीत पूर्ण पत्ता येतो. खूण दिसली नाही म्हणून कमिशन नाहीच, असंही धरू नका, कारण प्रत्येक दुकानाची पद्धत वेगळी असते. "माझा कोड वापरा, सवलत मिळवा" हाही बहुतेक वेळा त्यातलाच प्रकार.

कमिशन आहे म्हणजे वस्तू वाईट, असं नाही. सूचना दिली म्हणजे वस्तू चांगली, असंही नाही. सूचनेतून एवढंच कळतं की सांगणाऱ्याचा यात वाटा आहे. मग तुम्ही एक प्रश्न विचारायचा : याने कुठला पर्याय सांगितला नाही? वस्तू शरीरासाठी असेल, तर तो प्रश्न घेऊन तुमच्या डॉक्टरकडे किंवा मेडिकलवाल्याकडे जा.

मी त्या लेखातली लिंक आणि मशीनचं नाव दोन्ही काढलं आहे, योजनेतलं खातं बंद केलं आहे आणि कफचा परिच्छेद परत घातला आहे. वर ठळक अक्षरात लिहिलं आहे की आधी इथे कमिशनची लिंक होती. त्या लिंकवरून कुणी मशीन घेतलं असेल, तर ते घेऊन दवाखान्यात या. दंड मोजून आपण कफ बरोबर आहे का ते बघू. त्याची फी नाही.

आबा परवा आले होते. मेडिकलमधून मोठा कफ आणला, बीपी १३६/८४, चक्कर नाही. जाताना म्हणाले, "आता पट्टीवर लिहिलं ना?"

लिहिलं, आबा.