नमाजेच्या अलीकडे, नमाजेच्या पलीकडे

गोव्यातल्या डिचोलीचा नमाजगाह औरंगजेबाचा मुलगा अकबर याने १६८३ च्या सुमारास बांधला असे सांगतात. बापाविरुद्ध बंड करून हा शहजादा संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला आणि काही काळ या भागात राहिला. डिचोली पोर्तुगीजांच्या ताब्यात जायला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे बाकी होती. एवढा जुना हा नमाजगाह. इथे वर्षातून दोनदा ईद येते, आणि दोन्ही वेळा नमाज दोनच रकातींची, मागून खुतबा. दुरून बघणाऱ्याला दोन्ही सकाळी सारख्याच वाटतील. पांढरे कपडे, अत्तर, गळाभेट. पण नमाजेच्या अलीकडे काय होते आणि पलीकडे काय होते, हे पाहिले की दोन्ही सणांचे मन वेगळे आहे हे कळते.

रमजान ईदेला नमाजेला जाण्याआधी तोंड गोड करतात. खजूर असेल तर एक, तीन, पाच अशा विषम संख्येत. महिनाभर जे पहाटेपासून मावळतीपर्यंत वर्ज्य होते, ते आज सकाळीच खायचे आणि खाऊनच देवासमोर जायचे. या दिवशी रोजा धरायला मनाईच आहे. बकरी ईदेला याच्या उलट. नमाज होईपर्यंत पोट रिकामे ठेवायचे आणि जमल्यास पहिला घास कुर्बानीच्या मांसाचा घ्यायचा.

देण्याचेही तसेच. रमजान ईदेचा फितरा नमाजेच्या आत पोचला पाहिजे. चंद्र दिसल्याची बातमी आली की घरात एकीकडे शीरखुर्म्यासाठी खारका भिजतात, चारोळ्या निवडल्या जातात, आणि दुसरीकडे घरातली माणसे मोजली जातात. आजी, सून, पाळण्यातले पोर, कुणी सुटत नाही. पोराने कुठला रोजा धरला? तरी त्याचाही फितरा बाप देतो. हनफी रीतीने माणशी पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत. शाफई पंथाच्या घरांत तांदळासारखे रोजचे धान्य, अडीच-तीन किलो. रोज्यात जिभेने, नजरेने जे उणे राहिले ते यातून धुऊन निघावे, आणि आज तरी कुणाला दारोदार मागत फिरावे लागू नये, अशा दोन गोष्टी त्यात आहेत. म्हणून तर या ईदेची नमाज थोडी उशिरा ठेवणे बरे मानतात. देणाऱ्याला वेळ मिळतो. नमाज उलटून गेल्यावर दिले तर हदीसप्रमाणे ते साधे दान उरते.

बकरी ईदेची नमाज मात्र लवकर उरकतात, कारण काम पुढे आहे. नमाजेच्या आधी सुरी फिरवली तर ती कुर्बानी नव्हेच. घरच्यांसाठी कापलेले मांस, इतकेच.

मला ही उलटापालट फार अर्थाची वाटते. रमजान ईद महिन्याच्या कष्टांच्या शेवटी येते. भूक सोसून झालेली असते, आता सुटका असते, आणि त्या आनंदात दुसऱ्याचा वाटा आधी बाजूला काढायचा असतो. २०२५ साली ३१ मार्चला ही ईद झाली. बकरी ईद त्यानंतर अडुसष्ट दिवसांनी, ७ जूनला. तिच्यामागे रोज्यांचा महिना नाही. तिच्यामागे हजचे दिवस आहेत आणि इब्राहीमची गोष्ट आहे. मुलाला अर्पण कर असा आदेश बापाला स्वप्नात झाला, बापाने मुलाला विचारले, आणि मुलगा तयार झाला. मग मुलाच्या जागी जनावर आले. नमाजगाहाशी बापाविरुद्ध उठलेल्या मुलाचे नाव जोडलेले असावे आणि तिथे दरवर्षी या बापलेकाचे स्मरण व्हावे, हा योग माझ्या मनातून जात नाही.

कुर्बानीचा बोकड घेताना जाणता माणूस आधी त्याचे तोंड उघडतो. वर्ष भरले आहे का, ते दातांवरून कळते. मग त्याला चालवून पाहतो, डोळे, कान तपासतो. लंगडा, आंधळा, फार रोडावलेला चालत नाही. नको झालेले जनावर देऊन टाकणे म्हणजे अर्पण नव्हे. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत जात नाही, पोचते ती मनातली भक्ती, असे कुराणाचे सांगणे आहे. पण त्या भक्तीची परीक्षा बाजारात, पैसे मोजतानाच होते.

फितरा घरातल्या प्रत्येकाच्या नावाने निघतो, कुर्बानी मात्र ऐपतीप्रमाणे. ज्याच्यापाशी नाही, त्याच्यावर ती नाही. त्याच्या घरी वाटा येतो. मांसाचे तीन भाग करणे चांगले मानतात: घरचा, नातलग-मित्रांचा आणि गरिबांचा. खाटकाची मजुरी मात्र रोख, वेगळी द्यायची. मांस किंवा कातडे मजुरीत वळते करता येत नाही, आणि कातडे विकलेच तर त्याचे पैसे गरिबाकडे जातात.