फ्रिजला जागा देताना

अक्षयतृतीयेला आम्ही बीडमध्येच दुसऱ्या घरी राहायला गेलो. भांडी लागली, पण फ्रिज दोन दिवस खोलीच्या मधोमध उभा होता. वैशाखात दूध नासलं की चहा राहतो आणि दहीही राहतं, म्हणून घाई केली नाही.

फ्रिज आतली उष्णता काढून बाहेर टाकतो. जुन्या फ्रिजची मागची काळी जाळी हेच काम करायची. आता बऱ्याच फ्रिजमध्ये त्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असतात. फ्रिज पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर बाजूला हात लावून पाहा. पत्रा कोमट लागला, तर तिथूनच उष्णता बाहेर पडते आहे. भोवतीची हवा जितकी तापलेली, तितकं हे काम जड. ‘टी’ वर्गाचा फ्रिजही ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेरच चाळीस अंश होतात, वर गॅस पेटलेला असतो.

पहिली जागा ओट्याला लागून होती. प्लग तिथंच होता, पण शेगडी हातभर अंतरावर. आपल्या घरांत सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं असतं, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक उन्हातच होतो. म्हणजे पत्र्याला शेगडीची धग आणि पश्चिमेचं ऊन एकाच वेळी. ती जागा सोडली.

दुसरी पश्चिमेच्या भिंतीला. तिथं ऊन थेट पडत नव्हतं, पण रात्री आठला भिंतीवर तळवा ठेवला तर ती अजून तापलेली होती. तीही सोडली.

मग चार, पाच आणि सहा वाजता खडूनं फरशीवर ऊन कुठवर येतं ते आखलं. ऊन कलतं तसं ते खिडकीतून आणखी आत शिरतं, म्हणून दुपारी एकदाच पाहून चालत नाही. दाराशेजारची जागा रेषेबाहेर राहिली. दाराची चौकट आणि धान्याची कोठी यांच्यात ५८ सेंटिमीटर जागा, फ्रिजची रुंदी ५४. फ्रिज आत गेला असता, पण दोन्हीकडे दोनच सेंटिमीटर उरले असते आणि गरम हवा तिथंच कोंडली असती. कोठी सहा सेंटिमीटर सरकवली, दोन्हीकडे पाच-पाच मिळाले. मागंही चार बोटं जागा सोडली. तुमच्या फ्रिजला किती हवी, ते त्याच्या पुस्तिकेत असतं, तेवढी सोडा.

फ्रिजवर झालरीचं कव्हर घालत असाल, तर झालर बाजूंवर लोंबू देऊ नका. नाहीतर सोडलेली जागा वाया जाते.

जागा बरोबर आहे का, हे रात्री कळतं. दार बंद, शेगडी थंड, तरी मोटर तासन्‌तास थांबतच नसेल आणि बाजूचा पत्रा हात टेकवत नाही इतका तापला असेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी फ्रिज थोडा पुढं ओढून पाहा.