नुसता फोटो

1 मे 2024 ला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कळसहून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. माझ्या चुलत पुतण्याच्या बायकोने पाठवलेला. पलंगावरच्या फुलाफुलांच्या चादरीवर उघडं ठेवलेलं प्रगतिपत्रक, वरून ट्यूबलाइटची चकाकी, डाव्या कडेला तिचा अंगठा. मुलाचं नाव, इयत्ता पाचवी, खाली विषय आणि आकडे. सोबत एक शब्द नाही. ना ‘नाना, बघा’, ना प्रश्नचिन्ह, ना हात जोडलेलं चित्र.

असे फोटो मला पुष्कळ येतात. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढली, 2017 ला निवृत्त झालो आणि मुलाकडे हडपसरला राहायला आलो. तरी भावकीत ‘गुरुजी’ म्हणजे मीच. निकालाच्या दिवशी कुणाच्या नातीचं, कुणाच्या भाच्याचं पत्रक माझ्या फोनवर येऊन पडतं. सोबत मजकूर नसतोच बहुतेक. पाठवणाऱ्याला वाटतं, गुरुजींना पत्रक पाठवल्यावर वेगळं सांगायचं काय? आणि गुरुजींनाही वाटतं, आपल्याला विचारायचं काय? या दुसऱ्या वाटण्याबद्दल मला सांगायचं आहे.

फोटो बोटांनी मोठा करून मी कागदावर आकडे उतरवले. वार्षिक परीक्षा, प्रत्येक विषयाला 50 पैकी. मराठी 36, हिंदी 33, इंग्रजी 24, गणित 7, परिसर अभ्यास 34. बेरीज 134. अडीचशेपैकी म्हणजे 53.6 टक्के. शेजारच्या रकान्यात वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाचे गुण होते, तेही 50 पैकी, गणितात 38.

मग मी ध्वनिसंदेश पाठवला. चांगला चार मिनिटांचा. त्यात सगळं समजावलं. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक म्हणजे वर्षभर वर्गात चालतं ते, तोंडीकाम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या, गुरुजींनी रोज केलेलं निरीक्षण. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होते ती परीक्षा. पहिली-दुसरीत आकारिकाला 70 गुणांचं वजन आणि संकलिताला 30. वर जावं तसं हे पारडं फिरत जातं, पाचवीत दोन्ही निम्मं निम्मं होतं आणि सातवीत संकलित जड होतं. दोन्ही मिळून शंभर, त्यावर श्रेणी. 61 ते 70 ला ब-2, 41 ते 50 ला क-2, असं. गणितात 38 आणि 7 म्हणजे 45, तेव्हा क-2. शेवटी म्हणालो, “एकूण साडेत्रेपन्न टक्के पडलेत. गणित कच्चं आहे, सुट्टीत पाढे करून घे. बाकी काळजी नको, आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही. गेला सहावीत.”

तिचं उत्तर आलं, “बरं नाना.”

मी समाधानाने जेवलो. सगळं बरोबर सांगितलं होतं, एक शेवटचं वाक्य सोडून.

बारा दिवसांनी दुपारी तिच्याच नंबरवरून फोन आला. पलीकडे मुलगा. आवाज दबलेला, आई घरात नसताना केलेला फोन असावा.

“नाना, मी पाचवीतच बसणार हाय का?”

मी हसलो. म्हटलं, “कोण म्हणालं?”

“समदी पोरं म्हणत्यात. गणिताचा पेपर परत हाय म्हणं जूनमदी. आईला इचारलं तर म्हणली, नाना पास म्हणालेत.”

मी तो फोटो पुन्हा उघडला. या वेळी बेरीज केली नाही, नुसता बघत बसलो. आणि जे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं ते दिसलं. वर्षभर 50 पैकी 38 मिळवणारं पोर वार्षिक परीक्षेत 7 वर येत नाही. घसरतं, 25 वर येईल, 20 वर येईल. 7 वर येत नाही. पाचवीचे वार्षिकचे 50 गुण म्हणजे 40 लेखी आणि 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिक. मग 7 हा आकडा कशासारखा दिसतो? दहापैकी सात. तोंडीत पोराने नेहमीसारखं केलंय आणि लेखीला ते बसलेलंच नाही. तोंडी-लेखीचे वेगळे रकाने पत्रकाच्या डाव्या घडीजवळ होते आणि तिथेच अंगठा होता. चार पानी पत्रकाचं मागचं पान, ज्यावर गुरुजींचा शेरा असतो, त्याचा तर फोटोच नव्हता. वर्षानुवर्षं पत्रकं भरलेल्या माणसाने मागचं पान मागितलंही नाही!

अजून नोकरीत असलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “गुरुजी, कुठल्या काळात आहात? नियम बदलला की.” 2019 साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. आपल्या राज्याने तसे नियम केले 2023 मध्ये, आणि 2023-24 ची पाचवी-आठवीची मुलं ही त्यातली पहिली तुकडी. विषयवार 35 टक्के हवेत. पन्नासचे 35 टक्के साडेसतरा, म्हणजे 18. कमी पडले तर मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची. तिच्यातही राहिला तर त्याच वर्गात. शाळेतून मात्र काढता येत नाही.

सवलतीचे गुण असतात, पण ते थोड्यासाठी. सातचे अठरा त्यांनी होत नाहीत.

म्हणजे माझे 53.6 टक्के काय कामाचे होते? काहीच नाही. विषयवार उत्तीर्ण व्हायचं असताना मी मराठीचे 36 आणि गणिताचे 7 एका पातेल्यात घालून ढवळले होते. चार विषय बरे असले की टक्केवारी पाचव्यावर पांघरूण घालते. आमच्या काळच्या पत्रकावर एकूण, शेकडा आणि वर्गातला क्रमांक असे तीन रकाने तळाशी असत. त्यांची सवय हाताला इतकी आहे की आकडे दिसले की बेरीज सुरू. मुलांच्या पाठीवरचा तो क्रमांकाचा रकाना गेला त्याचा मला आनंदच झाला होता. शेकड्याचा रकाना मात्र मी स्वतःच पुन्हा काढून दिला, कुणी मागितला नसताना.

संध्याकाळी सूनबाईंशी बोललो. आधी चूक कबूल केली. मग पहिल्यांदाच विचारलं, “तू फोटो कशासाठी पाठवला होतास?”

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “गणिताच्या पेपराला आत्याबाईंना घेऊन बारामतीला दवाखान्यात गेले होते नाना. त्यांना अचानक धाप लागली. हे कामावर. धाकटी एकटी, म्हणून ह्याला घरी ठिवला. म्हटलं गुरुजींना नंतर सांगू, आन् राहूनच गेलं. निकालादिवशी गुरुजी कायतरी म्हणले परत पेपर हाय म्हणून. मला वाटलं तुम्ही एक चिठ्ठी लिहून द्याल, का आला नव्हता त्याची.”

“मग तसं लिहायचं ना.”

“कसं लिहू? हे म्हणले, मास्तरापुढं गयावया करायची नाय. आन् तुम्ही पास म्हणालात. मग मी गप बसले.”

मग मी चिठ्ठीला बसलो. पहिला मसुदा सवयीने झाला: विषय, संदर्भ, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’. वाचून दाखवला तर ती म्हणाली, “नाना, एवढं नको. गुरुजी रोज दारावरनं जातात.” बरोबर होतं तिचं. शिवाय अशा चिठ्ठीत काय नको तेही मला माहीत होतं, कारण घेणाऱ्याच्या खुर्चीत मी बसलो आहे. ‘माझा मुलगा हुशार आहे’ नको, ‘गुण वाढवून द्यावेत’ तर नकोच. ते वाचलं की शिक्षक पहिल्या ओळीला सावध होतो. त्याला हवा असतो दिवस, कारण, आणि नेमकं काय मागणं आहे ते. शेवटी तिच्याच अक्षरात, वहीच्या पानावर एवढंच झालं:

“गुरुजींना नमस्कार. गणिताच्या लेखी परीक्षेच्या दिवशी सासूबाईंना अचानक बारामतीला दवाखान्यात न्यावं लागलं. मुलाला आम्हीच घरी ठेवलं, त्याची चूक नाही. तेव्हाच कळवलं नाही, आमचं चुकलं. दवाखान्याचा कागद जोडला आहे. पुनर्परीक्षेची तारीख आणि वेळ लिहून कळवावी. त्याआधी सुट्टीत शिकवणार असाल तर मुलाला पाठवू.”

‘त्याची चूक नाही’ हे तिने घातलं. मी ते कधीच घातलं नसतं. अर्जात असलं वाक्य बसत नाही. नंतर कळलं, गुरुजींनी पोराला बोलावून तेवढंच वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

ती चिठ्ठी द्यायलाही ती कचरत होती. “ह्यांना काय सांगू?” मी पुतण्याला फोन केला. त्याला म्हटलं, चिठ्ठीत मागणं कसलंच नाही, पोराला पुनर्परीक्षा कायद्यानेच आहे, आपण फक्त तारीख विचारतोय. त्यावर तो म्हणाला, “मग आधी तसं सांगायचं ना नाना.” आता काय बोलणार!

मेच्या शेवटाला सकाळी आठ ते दहा अशी चार मुलं शाळेच्या व्हरांड्यात बसायची. अपूर्णांक आणि भागाकार, एवढंच घेतलं गुरुजींनी. बाकीचं येतं म्हणाले. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेपर झाला. 50 पैकी 29. पोर सहावीत गेलं.

तेव्हापासून पत्रकाचा नुसता फोटो आला की मी आकड्यांना हात लावत नाही. मागचं पान मागवतो आणि फोन करून विचारतो, घरी काय बोलणं झालं? ‘तुला काय हवंय’ असं विचारलं तर लोक संकोचतात, ‘काय नाय, असंच’ म्हणतात. घरी काय बोलणं झालं म्हटलं की निघतं काहीतरी. कुणाला शिष्यवृत्तीच्या अर्जात टक्के भरायचे असतात, ते काढून देतो, दोन मिनिटांचं काम. कुणाच्या घरात चुलत्याच्या मुलाशी तुलना झालेली असते. कुणाला ‘सुधारणा आवश्यक’ हा शब्द नापास असल्यासारखा वाटलेला असतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी कळसहून पुन्हा फोटो आला. सहावीचं पहिलं सत्र. चादर तीच. या वेळी चारही पानं, अंगठा कुठेच नाही. मजकूरही नाही.

मी फोन केला. “घरी काय बोलणं झालं?”

“काय नाय नाना,” ती म्हणाली. “दाखवलं.”